दहावीला ९३ टक्के आणि अकरावीच्या पहिल्या चाचणीत फिजिक्सला २५ पैकी ७

मी अकरावी बारावीला फिजिक्स शिकवतो, त्यामुळे दरवर्षी सप्टेंबरमध्ये हे बघतोच, पण यावेळी घरातलंच प्रकरण होतं म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळून बघायला मिळालं. माझी भाची, ताईची मुलगी. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, तिला विचारून लिहितोय, नाव लिहित नाही.

सेमी इंग्लिशची मुलगी, दहावीला ९३ टक्के, गणितात आणि विज्ञानात तर त्याहून जास्त. प्रवेशाच्या राउंड संपून कॉलेज सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला आणि तोपर्यंत क्लासवाल्यांचे तीन चॅप्टर उरकलेले. सप्टेंबरच्या शेवटी घटक चाचणी झाली, फिजिक्सला २५ पैकी ७, मॅथ्सला ९, बायोलॉजीला मात्र २०. ताईचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती म्हणे, नुसती गप्प होती, दोन दिवस कुणाशी बोललीच नाही. दाजींचं म्हणणं सरळ होतं की क्लास बरोबर नाही, दुसरा लावू. मी म्हणलं दाजी आठ दिवस थांबा, आधी मला ते पेपर बघू द्या, कारण क्लास बदलला आणि सवय तीच राहिली तर पैसेही जातील आणि अजून एक महिनाही जाईल.

रविवारी गेलो. पेपर मागितला तर तिने आधी वही दाखवली, आणि वही बघून मला खरंच वाईट वाटलं कारण मेहनत कुठेच कमी नव्हती. वेगवेगळ्या रंगांनी सूत्रं लिहिलेली, प्रत्येक सोडवलेलं उदाहरण सुवाच्य अक्षरात उतरवलेलं, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा. रोज चार तास बसायची. मी विचारलं अभ्यास म्हणजे नक्की काय करतेस ते सांग, एका तासात काय काय होतं. ती म्हणाली, "मामा, चॅप्टर दोनदा वाचते, मग सोडवलेली गणितं बघते, समजलं की वहीत लिहिते, मग पुढचं. एका तासात पंधरावीस गणितं होतात."

हे "समजलं की" जे आहे ना, सगळं प्रकरण तिथेच होतं.

मी तिच्याच वहीतलं, आदल्या आठवड्यात उतरवलेलं एक गणित निवडलं आणि वही मिटून कोरा कागद दिला. गणित साधं आहे, २० मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून चेंडू १० मीटर प्रति सेकंद वेगाने आडवा फेकला, इमारतीच्या पायथ्यापासून किती लांब पडेल, g १० धर. दोन मिनिटं ती नुसती बघत बसली. मग लिहिलं:

R = u² sin2θ / g

आडवा फेकलाय म्हणजे θ शून्य, sin शून्य म्हणजे शून्य, म्हणून R = 0. आणि खाली दोन रेघा मारून उत्तर चौकटीत. मी विचारलं शून्य म्हणजे काय गं? चेंडू १० च्या वेगाने पुढे फेकला आणि तो सरळ पायाशी पडला? तेव्हा कुठे ती दचकली. तिला कळलं की चुकलंय, पण का चुकलंय ते कळेना, सूत्र तर पुस्तकातलंच होतं.

हे सूत्र चेंडू जिथून उडाला त्याच पातळीवर परत पडतो तेव्हाचं आहे. पुस्तकात ते सिद्ध करताना हवेतला वेळ काढायला उभं विस्थापन शून्य धरलेलं असतं, आणि इथे चेंडू २० मीटर खाली जातोय, म्हणजे ती अटच मोडली. ती सिद्धता तिला तोंडपाठ होती! खरंच, एक ओळ न चुकता लिहून दाखवली तिने. पण विस्थापन शून्य धरलं ती ओळ तिच्यासाठी इतर ओळींसारखीच एक ओळ होती, तिथे काहीतरी गृहीत धरलंय हे तिला कधी दिसलंच नव्हतं. मग मी म्हणलं सूत्र विसर, चेंडू फक्त खाली किती वेळ पडतोय ते सांग. २० बरोबर ५ गुणिले t वर्ग, t दोन सेकंद. त्या दोन सेकंदात आडवा किती गेला? २० मीटर. "एवढंच होतं?" म्हणाली. हो, एवढंच होतं, पण ते एवढंच दिसायला चित्र काढायला लागतं आणि चित्र तिने काढलंच नव्हतं, कारण दहावीपर्यंत तशी गरजच पडली नव्हती.

इथे दहावीला नावं ठेवायची नाहीयेत मला. दहावीचं गणित विज्ञान बऱ्याच अंशी असं असतं की प्रश्न वाचला की कोणतं सूत्र लागणार ते प्रश्नावरूनच कळतं, आकडे भरले की उत्तर. अशा पेपरला सोडवलेलं उदाहरण तीनदा बघणं पुरतं, कारण पेपरात येणारं गणित त्याच्या सख्ख्या भावासारखं असतं. म्हणजे तिची सवय चुकीची नव्हती, ती त्या परीक्षेसाठी बरोबर होती आणि म्हणूनच ९३ आले. अकरावीत प्रश्नावरून सूत्र कळत नाही, आधी परिस्थिती ओळखायची, मग कुठला नियम लागू होतो ते ठरवायचं आणि मग सूत्र. मधली ही दोन पावलं तिने कधी स्वतः टाकलीच नव्हती, ती कायम सोडवलेल्या उत्तरात आयती मिळायची. आणि उत्तर समोर असलं की प्रत्येक ओळ पटते, त्यामुळे समजल्यासारखं वाटतं. ओळखता येणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर सुरुवात करता येणं वेगळं. बायोलॉजीला २० का पडले तेही यातच आलं, तिथे अजून वाचून लक्षात ठेवण्याला बराच वाव आहे. घरच्यांचा गोंधळ उलट यामुळेच झाला होता की एका विषयात एवढे मार्क आहेत म्हणजे मुलगी अभ्यास करतेय, मग फिजिक्सचा मास्तरच वाईट असणार.

मग आम्ही चाचणीचा पेपर घेऊन बसलो आणि गेलेले १८ मार्क कुठे गेले ते एकेक करून लिहिलं. हे मी प्रत्येक मुलाला करायला सांगतो, कारण "फिजिक्स जमत नाही" याच्यावर काहीच उपाय करता येत नाही, पण "११ मार्क सुरुवातच न जमल्याने किंवा चुकीचं सूत्र घेतल्याने गेले" याच्यावर करता येतो. तिचे असेच निघाले, ११ सुरुवातीत, ४ अर्धवट आठवलेल्या सिद्धतांमध्ये, आणि आकडेमोड आणि एककं मिळून फक्त ३. तिला स्वतःला वाटत होतं की सगळे सिली मिस्टेक्समुळे गेले. जवळजवळ प्रत्येक हुशार मुलाला तसंच वाटतं, कारण उत्तर बघितलं की ते सोपं दिसतं आणि मग आपली चूक पण छोटीच वाटते.

त्या ११ मध्ये एक गणित मात्र वेगळ्या कारणाने चुकलेलं होतं आणि ते कारण सवयीचं नाहीच. प्रश्न होता, कणाचं स्थान x = 3t² + 2t आहे, t = 2 सेकंदाला वेग किती. तिने x काढला १६, भागिले २, उत्तर ८. म्हणजे दहावीपर्यंतचा वेग, अंतर भागिले वेळ. खरं उत्तर १४ आहे, त्याला डेरिव्हेटिव्ह लागतं, आणि तिच्या वेळच्या बोर्डाच्या पुस्तकांची गंमत अशी की मॅथ्समध्ये डिफरन्सिएशन दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटच्या चॅप्टरला आणि फिजिक्सला ते दुसऱ्या तिसऱ्या चॅप्टरमध्येच हवं. फिजिक्सच्या पुस्तकात दुसऱ्या चॅप्टरमध्ये त्याची थोडक्यात ओळख आहे, पण वर्गात ती पाचदहा मिनिटांत उरकली जाते आणि मॅथ्सच्या सरांचा तो भाग यायला फेब्रुवारी उजाडतो. मुलांना वाटतं आपण ढ आहोत. अरे, तुम्हाला जे अजून कुणी नीट शिकवलंच नाहीये ते तुम्हाला येत नाहीये, एवढंच आहे ते!

तिला मी नियम सांगितला नाही, आकडे करायला लावले. २ सेकंदाला x १६. २.१ सेकंदाला किती? तिने केलं, १७.४३. म्हणजे ०.१ सेकंदात १.४३ मीटर गेला, वेग १४.३. आता २.०१ सेकंद घे. १६.१४०३ आलं, वेग १४.०३. अजून लहान घेतलं तर कुठे जाईल? "१४ कडे." मग ८ कशाचा वेग होता? थोडा वेळ विचार करून म्हणाली, पहिल्या दोन सेकंदांचा सरासरी. बास, हे झाल्यावर t² चं 2t होतं हा नियम पाठ करायला काहीच लागत नाही. पुढचे तीन आठवडे आम्ही रोज वीस मिनिटं फक्त एवढंच गणित ठेवलं, tⁿ चं डेरिव्हेटिव्ह, आलेखाचा उतार, आणि व्हेक्टरचे घटक पाडणं. घटकांमध्ये तिचा एक पक्का गोंधळ होता, आडवा घटक म्हणजे cos असं पाठ, त्यामुळे कोन उभ्या रेषेशी दिला की हमखास उलटं. त्याला औषध एकच, प्रत्येक वेळी काटकोन त्रिकोण काढायचा आणि कोनाला चिकटलेली बाजू cos. साईन कॉस पाठ करायचेच नाहीत, चित्रातून वाचायचे.

आता मुख्य बदल. दिवसाला चारच गणितं पण उत्तर झाकून. पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण घ्यायचं, उत्तरावर पट्टी ठेवायची, कोऱ्या कागदावर चित्र काढायचं, काय दिलंय काय हवंय लिहायचं, आणि दहा मिनिटं झगडायचं. नाही सुचलं तर पट्टी एक ओळ खाली सरकवायची, फक्त एक, आणि परत आपण पुढे न्यायचं. झालं की कुठल्या ओळीला अडकलो ते समासात लिहायचं. आणि तेच गणित दोन दिवसांनी आणि मग आठवड्याने परत, पहिल्यापासून, काही न बघता. सूत्रांच्या वहीत प्रत्येक सूत्रासमोर एक जागा, "कधी चालतं". R च्या सूत्रासमोर तिने लिहिलं, उडालं त्याच पातळीवर पडलं तरच, हवेचा रोध नाही धरला तरच.

यामागे अभ्यास झालेले आहेत. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी ते परत परत वाचले, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे बरेच पुढे. ते उतारे होते, फिजिक्सची गणितं नव्हती, त्यामुळे सगळं जसंच्या तसं लावू नये, पण वाचणाऱ्याला त्याच वेळी आपल्याला जास्त येतंय असं वाटतं हा भाग मला वर्गात रोज दिसतो.

पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले, हे मुद्दाम सांगतोय कारण बहुतेक मुलं इथेच सोडतात. चौथ्या दिवशी रात्री फोन, "मामा दोन तासात चारच गणितं झाली, त्यातली दोन अर्धी. मैत्रिणीचं पूर्ण चॅप्टर झालंय." वीस गणितांची सवय असलेल्या मुलीला चार म्हणजे काहीच न केल्यासारखं वाटतं. मी म्हणलं मैत्रिणीला विचार त्या चॅप्टरमधलं कुठलंही एक पुस्तक मिटून करून दाखव. विचारलं की नाही माहीत नाही, बहुधा नसेल. दुसऱ्या आठवड्यात तिने मला न सांगता परत जुनं सुरू केलं होतं, रंगीत पेनं सुद्धा बाहेर आली. क्लासच्या टेस्टमध्ये २५ पैकी ८. एवढं सगळं करून एक मार्क वाढला! ताई पण त्या दिवशी मला जरा लागेल असंच बोलली.

पण मी तो पेपर मागवला आणि तो पेपर आधीच्यापेक्षा वेगळा होता. आधीच्या पेपरात कोरी जागा होती किंवा चुकीचं सूत्र आणि चौकटीत उत्तर. या पेपरात चार गणितांना चित्र होतं, तीनमध्ये बलं बरोबर दाखवलेली आणि मग समीकरण सोडवताना वेळ संपलेला. म्हणजे मार्क तेच पण मार्क जाण्याची जागा पुढे सरकली होती. सुधारणा चालू आहे का हे बघायचं असेल तर पहिल्या दीड दोन महिन्यांत मार्क बघू नका, पेपर कुठल्या पावलापर्यंत पोचला ते बघा. ताईला मी दोन्ही पेपर शेजारी ठेवून दाखवले तेव्हा तिला पटलं, दाजींना नाही पटलं, पण त्यांनी क्लासचा विषय सहामाहीपर्यंत काढायचा नाही असं कबूल केलं.

राहिला बॅकलॉगचा प्रश्न. क्लास पुढे पळत होता आणि हिचे तीन चॅप्टर मागे. तिला सगळं पहिल्यापासून परत करायचं होतं, शिस्तीच्या मुलांना तसंच वाटतं, आणि ते केलं की चालू चॅप्टर पण मागे पडतं आणि मग कायम तीन चॅप्टर मागेच राहायला होतं. आम्ही ठरवलं की चालू चॅप्टर सोडायचं नाही, आणि मागचं फक्त तेवढंच करायचं जे चालू चॅप्टरला अडतंय. लॉज ऑफ मोशन चालू होतं, त्याला घटक पाडणं हवं, तेवढं केलं. एककं आणि त्रुटींचं पहिलं चॅप्टर सरळ दिवाळीच्या सुट्टीवर टाकलं. यात थोडं नुकसान झालंच, सहामाहीत त्या चॅप्टरवरचे मार्क गेले, ते आम्ही जाणूनबुजून सोडले होते.

सहामाहीला ५० पैकी २४. जानेवारीच्या चाचणीत २५ पैकी १६. वार्षिकला फिजिक्समध्ये साठच्या आसपास टक्के, ९३ वगैरे परत काही आले नाहीत. अकरावीचे मार्क बारावी बोर्डाच्या निकालात धरत नाहीत म्हणून घरचे निवांत होते, पण सीईटीला साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात आणि नीट जेईईला तर पूर्ण अकरावी असते, म्हणून मे महिन्यात मागे सोडलेलं सगळं परत केलं, तेव्हा मात्र ते पटापट झालं. केमिस्ट्रीला ही पद्धत मी सांगितली तशी चालली नाही. फिजिकल केमिस्ट्रीच्या गणितांना चालली, पण इनऑरगॅनिकला तिची जुनी वाचायची सवयच जास्त कामाला आली, फक्त वाचून झाल्यावर वही मिटून लिहून बघायची एवढी भर घातली. म्हणजे जुनं सगळं टाकून द्यायचं नव्हतं, कुठे काय चालतं ते विषय बघून ठरवायचं होतं. मॅथ्सला मी फारसं काही केलं नाही, घटक आणि डेरिव्हेटिव्ह जमल्यावर ते आपोआप थोडं वर आलं, त्रिकोणमितीची सूत्रं मात्र तिला शेवटपर्यंत कंटाळवाणी वाटली.

एक गोष्ट माझी चुकली. सुरुवातीला मी तिला दहा मिनिटं झगडायचं सांगितलं ते सगळ्याच गणितांना सांगितलं, आणि जिथे मुळातली संकल्पनाच माहीत नाही तिथे दहा मिनिटं नुसतं कागदाकडे बघत बसण्याने काहीच होत नाही, उलट मन खट्टू होतं. ते मला तिसऱ्या आठवड्यात कळलं, तिच्या समासातल्या नोंदींवरून, सलग पाच गणितांसमोर "काहीच सुचलं नाही" लिहिलेलं होतं. मग नियम बदलला, नवीन चॅप्टरची पहिली तीन गणितं उत्तर उघडं ठेवून, प्रत्येक ओळीला "हे का" असं लिहित करायची आणि चौथ्यापासून पट्टी. तेव्हापासून गाडी नीट चालायला लागली.

बारावीचं पहिलं चॅप्टर रोटेशनल डायनॅमिक्स, मुलांना ते अवघड जातं. जूनमध्ये एका रात्री तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. दोनच गणितं होती, दुसऱ्यात बरीच खाडाखोड. वरच्या बाजूला वळणावर गाडीच्या जास्तीत जास्त वेगाचं सूत्र, v = √(μrg), आणि त्याच्यासमोर तिच्या अक्षरात, "रस्ता सपाट असेल तरच, उतार दिला तर चित्र काढ." खाली मेसेज, "मामा दुसरं नाही सुटलं, तिसऱ्या ओळीला अडकलंय, उद्या परत बघते, सांगू नकोस."